अँटिबायोटिक कशासाठी, किती दिवस आणि कल्चर आल्यावर काय? वॉर्डसाठी ऑडिट तक्ता कसा बनवावा आणि चालवावा

वॉर्डात अँटिबायोटिकचं ऑडिट करायचं ठरलं की पहिली इच्छा होते ती सगळंच मोजण्याची. औषध बरोबर निवडलं होतं का, डोस किडनीच्या स्थितीप्रमाणे होता का, पहिला डोस किती वेळात गेला, ॲलर्जी विचारली होती का. चाळीस रकान्यांचा फॉर्म तयार होतो, पहिल्या आठवड्यात उत्साहानं भरला जातो आणि पुढे अर्धवट भरलेले कागद गोळा होत राहतात. त्यातून हाती काहीच लागत नाही.

म्हणून या लेखातला तक्ता फक्त तीन गोष्टी तपासतो: अँटिबायोटिक देण्याचं कारण लिहिलंय का, ते किती दिवस चाललं, आणि कल्चरचा रिपोर्ट आल्यावर कुणी तो पाहून निर्णय घेतला का. औषधाची निवड योग्य होती का हा प्रश्न मी मुद्दाम बाहेर ठेवतो. निवडीबद्दल दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही, आणि ज्या प्रश्नावर तपासणारेच वाद घालतात त्याची टक्केवारी काढून उपयोग नसतो. या तीन गोष्टींची उत्तरं मात्र कागदावर सापडतात, आणि त्या सुधारल्या की निवडीच्या बऱ्याच चुकाही आपोआप उघड्या पडतात.

आधी ठरवा: मोजायचं काय

तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक रुग्ण नव्हे, एका संसर्गासाठी दिलेला अँटिबायोटिकचा एक कोर्स. हा फरक सुरुवातीलाच पक्का करा. एका रुग्णाला न्यूमोनियासाठी दोन औषधं एकत्र सुरू असतील तर ती एकच ओळ. त्याच रुग्णाला दहा दिवसांनी कॅथेटरमुळे लघवीचा संसर्ग झाला आणि नवं औषध सुरू झालं, तर दुसरी ओळ. शिरेतून दिलेलं औषध बदलून गोळी सुरू केली तर कोर्स तोच राहतो. हे न ठरवता ऑडिट सुरू केलं तर औषध बदललं की दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून होते, आणि तेरा दिवसांचा उपचार कागदावर पाच आणि आठ दिवसांचे दोन सज्जन कोर्स म्हणून दिसतो.

वगळायचं काय तेही लिहून ठेवा. क्षयरोगाची औषधं, विषाणू आणि बुरशीविरोधी औषधं, मलम, डोळ्यांचे थेंब, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना महिनोन्‌महिने दिलं जाणारं प्रतिबंधक औषध, हे सगळं बाहेर. शस्त्रक्रियेआधी दिलेला प्रतिबंधक डोस वेगळ्या पानावर ठेवा, कारण त्याचा नियमच वेगळा आहे. बहुतेक शस्त्रक्रियांना एक डोस पुरतो आणि २४ तासांपुढे तो चालू ठेवायला सहसा आधार नसतो. पण २४ तासांनंतरही औषध चालूच असेल आणि कारण म्हणून ‘शस्त्रक्रियेनंतर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ती ओळ मुख्य तक्त्यात घ्या आणि कारणाच्या रकान्यात ती नापास धरा.

पहिला प्रश्न: कारण

‘कारण लिहिलंय का, हो किंवा नाही’ असा रकाना ठेवला तर वॉर्ड पहिल्याच महिन्यात ९० टक्क्यांवर जाईल आणि बदललेलं काही नसेल. ‘ताप’, ‘इन्फेक्शन’, ‘कव्हर म्हणून’, ‘सीआरपी वाढलाय’ हे सगळं ‘हो’मध्ये जातं. म्हणून इथे तीन पायऱ्या ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर शून्य. लिहिलंय पण संसर्गाची जागा कळत नाही, तर एक. जागा किंवा आजार स्पष्ट आहे, जसं की ‘डाव्या पायाचा सेल्युलायटिस’, ‘पायलोनेफ्रायटिस’, ‘वॉर्डात झालेला न्यूमोनिया’, तर दोन. अहवालात पास म्हणून फक्त दोन मोजा.

‘सेप्सिस, स्रोत माहीत नाही’ या नोंदीवर हमखास वाद होतो. माझं मत असं की पहिल्या ७२ तासांत ही नोंद पूर्ण प्रामाणिक आहे आणि तिला दोन गुण द्यावेत. रात्री अडीच वाजता रक्तदाब पडलेल्या रुग्णापाशी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला याहून जास्त माहिती नसते. पण चौथ्या दिवशीही तेच लिहिलेलं असेल तर एक गुण, कारण एव्हाना तपासण्या झालेल्या असतात आणि स्रोत शोधलाय किंवा शोधूनही सापडला नाही, यातलं एक काहीतरी लिहायला हवं.

कारण कुठे लिहिलंय हाही वेगळा रकाना ठेवा: ड्रग चार्टवर, केस पेपरमध्ये, दोन्हीकडे, की कुठेच नाही. ही माहिती पुढे फार कामाला येते. केस पेपरमध्ये ‘पायलोनेफ्रायटिस’ लिहिलेलं असतं, पण रात्रपाळीच्या सिस्टर आणि सुट्टीच्या दिवशी येणारे डॉक्टर बघतात तो ड्रग चार्ट, आणि तिथे नुसतं औषधाचं नाव असतं. औषध का चाललंय हे ठाऊक नसलेला माणूस ते थांबवत नाही.

दुसरा प्रश्न: कालावधी

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ हा अशा ऑडिटमधला सर्वांत मोठा दोष असतो. एक, थांबवण्याची किंवा फेरविचाराची तारीख लिहिली होती का. दोन, प्रत्यक्षात औषध किती दिवस चाललं. पहिली गोष्ट औषध सुरू असताना तपासता येते, दुसरी कोर्स संपल्यावरच.

बरेच वॉर्ड आठवड्यातला एक दिवस ठरवतात, त्या दिवशी ज्यांना अँटिबायोटिक सुरू आहे त्या सगळ्यांची नोंद घेतात आणि त्यावरूनच सरासरी कालावधी काढतात. हा आकडा भरवशाचा नसतो. चौदा दिवसांचा कोर्स चौदा दिवस वॉर्डात दिसतो, दोन दिवसांचा फक्त दोन दिवस. एखाद्या ठरावीक दिवशी तुम्ही वॉर्डात गेलात तर लांब कोर्स हाती लागण्याची शक्यता सात पट असते. याउलट, त्या दिवशी कोर्स अर्ध्यावरच असल्यामुळे पूर्ण कालावधी तुम्हाला कळतही नाही. म्हणजे नमुना एका बाजूला झुकलेला आणि माप दुसऱ्या बाजूला अपुरं.

उपाय असा की दोन याद्या ठेवायच्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चालू कोर्सची यादी: तिच्यात कारण आणि थांबवण्याची तारीख तपासा. आणि महिन्यातून एकदा, त्या महिन्यात वॉर्डातून घरी गेलेल्या रुग्णांच्या केस पेपरमधून ओळीनं येणारे वीस-तीस कोर्स घ्या: त्यात खरा कालावधी आणि कल्चरचा निर्णय तपासा. ओळीनं म्हणजे ओळीनंच. ‘जरा चांगली फाइल घेऊया’ असं निवडायला लागलं की ऑडिट संपलं.

दिवस मोजताना पहिला डोस गेला तो दिवस पहिला, मग डोस रात्री अकराला गेला असला तरी. शेवटचा दिवस म्हणजे शेवटचा डोस घेण्याचा दिवस, आणि यात डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेल्या गोळ्यांचे दिवस धरायचेच. वॉर्डातला ड्रग चार्ट सहा दिवस दाखवतो आणि रुग्ण घरी जाऊन आणखी आठवडाभर गोळ्या घेतो, हे जागोजागी घडतं. डिस्चार्ज कार्ड न बघता केलेलं कालावधीचं ऑडिट म्हणजे निम्मं ऑडिट.

तुलना कशाशी करायची? रुग्णालयाची स्वतःची मार्गदर्शिका असेल तर तिच्याशीच. नसेल तर वॉर्डातल्या वरिष्ठांसोबत बसून अर्ध्या पानाची यादी करा आणि त्यांची सही घ्या. स्थिर होत असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी आज बऱ्याच ठिकाणी मान्य असलेली मापं अशी: बाहेरून झालेला, तीव्र नसलेला न्यूमोनिया ५ दिवस, वॉर्डात झालेला न्यूमोनिया ७ दिवस, सेल्युलायटिस ५ दिवस, पायलोनेफ्रायटिस ७ दिवस, पोटातला पू नीट काढून टाकला असेल तर त्यानंतर सुमारे ४ दिवस. रक्तात जंतू सापडले की पूर्वी सरसकट १४ दिवस लिहिले जायचे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीत ७ दिवसांचा उपचार १४ दिवसांपेक्षा कमी पडला नाही. पण त्या चाचणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण घेतलेच नव्हते. त्या जंतूसाठी पहिलं निगेटिव्ह कल्चर आल्यापासून किमान १४ दिवस हा नियम कायम आहे, आणि हृदयाच्या झडपेला किंवा हाडाला संसर्ग असेल तर आणखी बराच जास्त काळ. त्यामुळे तुमच्या यादीत स्टॅफ ऑरियसची ओळ वेगळी हवी. ऑडिटच्या आकड्याच्या दबावाखाली कुणी तिथे सातव्या दिवशी औषध थांबवलं तर ती हानी ऑडिटनं केलेली असेल.

कालावधीचा निकालही ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असा ठेवू नका. मापात, मापापेक्षा जास्त पण कारण लिहिलेलं, मापापेक्षा जास्त आणि कारण नाही, मापापेक्षा कमी, असे चार कप्पे करा. तिसरा कप्पा तुमचा खरा विषय आहे. ‘ताप अजून आहे, सीटीत गळू, सर्जनचं मत मागवलं, सुरू ठेवा’ असं लिहिलेला बारा दिवसांचा कोर्स आणि गप्प चालत राहिलेला बारा दिवसांचा कोर्स यांची एकच बेरीज करणं अन्यायाचं आहे.

तिसरा प्रश्न: कल्चर

बहुतेक फॉर्ममध्ये ‘कल्चर पाठवलं का’ एवढंच असतं. पाठवणं ही साखळीची पहिली कडी झाली. तक्त्यात चार घटनांची वेळ लिहा: नमुना घेतल्याची, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसची, प्रयोगशाळेनं अंतिम रिपोर्ट दिल्याची, आणि त्या रिपोर्टवर निर्णय लिहिल्याची. पहिल्या दोन वेळांवरून नमुना औषधाआधी घेतला की नंतर हे कळतं. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर हे या सगळ्या ऑडिटमधलं माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं माप आहे.

‘निर्णय लिहिला’ याचा अर्थ काटेकोर ठेवा. रिपोर्टचा कागद फाइलला लावलाय, त्यावर सिस्टरची सही आहे, रिपोर्ट संगणकावर कुणीतरी उघडल्याची खूण आहे, यातलं काहीही निर्णय नव्हे. रिपोर्ट आल्यानंतरच्या वेळेची, रिपोर्टमधल्या निष्कर्षाचा उल्लेख करणारी आणि पुढे काय करायचं ते सांगणारी नोंद हवी. पुढे काय, याचे पर्याय मोजकेच असतात: थांबवलं, आवाका कमी असलेलं औषध दिलं, गोळीवर आणलं, जास्त प्रभावी औषध दिलं, किंवा कारण देऊन तेच चालू ठेवलं. शेवटचा पर्यायही पूर्णपणे पास आहे. आपण फेरविचार मोजतोय, औषध बदलणं नाही.

दोन जागा निसटतात. एक म्हणजे ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट. तो आला की लोकांना वाटतं आता करण्यासारखं काही नाही, पण औषधाआधी घेतलेल्या नमुन्यात काही उगवलं नसेल आणि रुग्ण सुधारला असेल तर औषध थांबवण्याचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टही मोजणीत घ्या. दुसरी जागा म्हणजे ज्या जंतूमुळे आजारच नाही तो जंतू. कॅथेटर असलेल्या पण लघवीच्या संसर्गाची लक्षणं नसलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडले, किंवा त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस रक्ताच्या अनेक बाटल्यांपैकी एकाच बाटलीत उगवले, तर ‘रिपोर्टप्रमाणे औषध दिलं’ ही नोंद चांगली दिसते, पण तिथे विचार झालेला नसतो. अशा ओळींवर खूण करा आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही स्वतः निकाल देऊ नका.

ज्या आजारात कल्चरची अपेक्षाच नाही, जसा सौम्य सेल्युलायटिस, तिथे ‘लागू नाही’ लिहा आणि ती ओळ या प्रश्नाच्या एकूण संख्येतून काढा. नाहीतर टक्केवारी खाली जाते आणि वॉर्डातले लोक, अगदी योग्य कारणानं, तुमच्यावर चिडतात.

एक ओळ भरून पाहू

समजा, ६२ वर्षांच्या एका बाई सोमवारी दुपारी चारला ताप, कुशीत दुखणं आणि कमी रक्तदाब घेऊन दाखल झाल्या. साडेचारला लघवीचं आणि रक्ताचं कल्चर घेतलं, पाचला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचा पहिला डोस गेला. ड्रग चार्टवर ‘सेप्सिस’, केस पेपरमध्ये ‘पायलोनेफ्रायटिस, सेप्सिस’. मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेनं फोन करून रक्तात ग्राम-निगेटिव्ह जंतू असल्याचं सांगितलं आणि ते केस पेपरमध्ये लिहिलं गेलं. अंतिम रिपोर्ट बुधवारी संध्याकाळी पाचला आला: ई. कोलाय, सेफ्ट्रिॲक्सोन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि कोट्रायमोक्साझोल तिन्ही चालतील. गुरुवारी सकाळी दहाच्या राऊंडला नोंद झाली: ‘ताप उतरला, कल्चर येणं बाकी, तेच चालू ठेवा.’ शुक्रवारी सकाळी अकराला रिपोर्ट पाहिला गेला, सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी सुरू झाली. शनिवारी त्या घरी गेल्या, कार्डावर आणखी ७ दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, रविवारपासून घ्यायच्या.

आता तक्ता. कारण: दोन गुण, पण ठिकाण ‘फक्त केस पेपर’, कारण चार्टवर नुसतं ‘सेप्सिस’ आहे. थांबवण्याची तारीख: चार्टवर नाही. नमुना औषधाआधी: हो. अंतिम रिपोर्ट बुधवार १७:००, निर्णय शुक्रवार ११:००, म्हणजे ४२ तास. कालावधी: सोमवार ते शनिवार ६ दिवस, अधिक घरचे ७, एकूण १३. रुग्ण लवकर सुधारला, अडथळा किंवा गळू असल्याची नोंद नाही, वॉर्डाचं माप ७. म्हणजे ६ दिवस जास्त, कारण लिहिलेलं नाही.

या ओळीत गुरुवारची नोंद नीट पाहा. इंग्लंडमध्ये २०११ पासून राबवल्या गेलेल्या ‘स्टार्ट स्मार्ट देन फोकस’ या धोरणापासून ४८ ते ७२ तासांत फेरविचार करायचा, हा नियम बऱ्याच देशांत रुजला आहे. गुरुवारी सकाळी दहा म्हणजे पहिल्या डोसनंतर ६५ तास. फक्त ‘७२ तासांत फेरविचार झाला का’ असं विचारणाऱ्या फॉर्ममध्ये ही ओळ दिमाखात पास होते. प्रत्यक्षात त्या क्षणी रिपोर्ट येऊन १७ तास झाले होते आणि राऊंडवरच्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं. चारही घटनांची वेळ लिहिण्याचा खटाटोप याचसाठी.

मग कारण शोधायला वॉर्डात जाऊन विचारायचं. समजा असं कळलं की त्या वॉर्डात रिपोर्ट रोज दुपारी तीनला एकदाच छापून आणले जातात. बुधवारी पाचला आलेला रिपोर्ट गुरुवारी तीनला छापला गेला, राऊंड त्याआधीच झाला होता, म्हणून तो शुक्रवारच्या राऊंडला हाती आला. कुणी आळस केला नाही. व्यवस्थेतच ४२ तास ठाण मांडून बसले आहेत. हा अंदाज बाकी ओळींवर पडताळता येतो: तीनच्या आधी आलेले आणि नंतर आलेले रिपोर्ट वेगळे करा आणि दोन्हींचं अंतर बघा.

तक्ता संगणकावर

साधी स्प्रेडशीट पुरते. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक तिच्यात नको. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्या आणि क्रमांक कुणाचा ही यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. तारीख आणि वेळ एकाच रकान्यात, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे भरा. समजा `C` मध्ये अंतिम रिपोर्टची वेळ, `D` मध्ये निर्णयाची वेळ, `E` मध्ये पहिल्या डोसची तारीख आणि `F` मध्ये शेवटच्या डोसची तारीख आहे. `G2` मध्ये रिपोर्ट ते निर्णय हे तास आणि `H2` मध्ये एकूण दिवस असे निघतात:

```
G2:  =IF(OR(C2="",D2=""),"",(D2-C2)*24)
H2:  =IF(OR(E2="",F2=""),"",F2-E2+1)
```

`E` आणि `F` मध्ये फक्त तारीख हवी, वेळ नको, नाहीतर दिवसांच्या जागी अपूर्णांक येतील. आणि तीस ओळींपैकी किती रिपोर्टवर २४ तासांत निर्णय झाला त्याचं प्रमाण:

```
=COUNTIFS(G2:G31,">=0",G2:G31,"<=24")/COUNT(C2:C31)
```

भागाकारात खाली `C` ठेवलाय, `G` नाही, याला कारण आहे. ज्या रिपोर्टवर कुणी कधी निर्णयच घेतला नाही, त्याची `G` मधली जागा रिकामी राहते. नुसत्या `G` ची सरासरी काढली तर हे सर्वांत वाईट रिपोर्ट हिशेबातून गायब होतात आणि वॉर्ड आहे त्यापेक्षा बरा दिसतो. `G` मध्ये उणे आकडा दिसला तर दोनपैकी एक: वेळ चुकीची टाकली, किंवा प्राथमिक रिपोर्टवर आधीच निर्णय झाला होता. दुसरं असेल तर ती चांगली गोष्ट आहे, त्या ओळीत `D` ला `C` चीच वेळ द्या आणि शेरा लिहा.

२४ तास ही मर्यादा सर्वसाधारण कल्चरसाठी वाजवी आहे. रक्ताचं कल्चर पॉझिटिव्ह आल्याचा फोन मात्र त्याच पाळीत हाताळला जायला हवा. तो वेगळा मोजा.

सुरू करण्याआधी एकदा दोघांनी

मोजणी सुरू करण्याआधी दोन जणांनी तेच दहा कोर्स, एकमेकांशी न बोलता, भरावेत. एक डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट ही जोडी छान जमते. मग ओळीमागून ओळ ताडून पाहा. एखाद्या रकान्यात दहापैकी तीन-चार ठिकाणी उत्तरं वेगळी आली तर तपासणाऱ्याला बोल लावू नका, रकान्याची व्याख्या पुन्हा लिहा. माझ्या पाहण्यात बहुतेक मतभेद दोनच जागी होतात: कारणाचा एक गुण की दोन, आणि औषध मध्येच एक दिवस बंद राहिलं तर कोर्स एक की दोन. दुसऱ्यासाठी सोपा नियम: तोच संसर्ग आणि खंड ४८ तासांपेक्षा कमी, तर कोर्स एकच.

आणखी एक गोष्ट तपासणाऱ्यानं पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. चालू कोर्सची यादी करताना एखाद्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये जंतू सध्याच्या औषधाला दाद देत नाही असं दिसलं आणि कुणी ते पाहिलेलं नाही, तर तक्ता बाजूला ठेवून लगेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. ओळीत मात्र तुम्ही सांगण्याआधीची स्थिती लिहायची आणि शेऱ्यात ‘ऑडिटमध्ये लक्षात आलं, कळवलं’ अशी वेळेसह नोंद करायची. आकडा बिघडेल म्हणून गप्प राहणं चूक, आणि सांगितल्यानंतर ओळ ‘पास’ करणंही चूक.

आकडा वाचताना

तीस कोर्सपैकी अठरांमध्ये वेळेत निर्णय झाला, म्हणजे ६० टक्के. एवढ्या छोट्या नमुन्यात खरं प्रमाण साधारण ४२ ते ७५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. पुढच्या महिन्यात ६७ आले म्हणून पेढे वाटायला नकोत आणि ५३ आले म्हणून कुणाला बोलवून घ्यायलाही नको. महिन्याचे ठिपके एका रेषेवर मांडा आणि मध्यक रेघ ओढा. सलग सहा ठिपके मध्यकाच्या एकाच बाजूला पडले तर खरोखर काहीतरी बदललं असं धरायला जागा आहे. महिनाभर थांबवत नसेल तर दर पंधरवड्याला दहा-बारा कोर्स घेऊन ठिपके लवकर जमवता येतात. कमी संख्येचे पण नियमित ठिपके वर्षातून एकदा केलेल्या दोनशे फाइलींच्या ऑडिटपेक्षा जास्त सांगतात, असं माझं ठाम मत आहे.

वॉर्डाला अहवाल देताना डॉक्टरनिहाय यादी लावू नका. अंतिम रिपोर्टवर निर्णय कुणाच्या हातून राहिला याचं उत्तर बहुतेक वेळा एक माणूस नसतो, वर पाहिलं तसं छपाईची वेळ असते. एक पान पुरे: तीन आकडे, त्यांच्या रेषा, आणि वरच्या बाईंसारखी एक ओळ वेळांसकट, ओळख पुसून. ठिपका पडल्यापासून आठवड्याच्या आत ते पान राऊंडच्या आधी सगळ्यांसमोर ठेवा. आणि एका वेळी एकच बदल करा. वरच्या उदाहरणात तो असा असेल: राऊंडआधी एका निवासी डॉक्टरनं प्रयोगशाळेच्या पडद्यावर वॉर्डाचे गेल्या २४ तासांतले अंतिम रिपोर्ट पाहायचे आणि नावं राऊंडच्या कागदावर लिहायची. त्याच वेळी चार्टवर कारण आणि थांबवण्याच्या तारखेचे चौकोनही आणले, तर आकडा कशामुळे हलला हे कधीच कळणार नाही.

आकडा सुधारला पण काम नाही, हे कसं ओळखायचं

चार्टवर चौकोन आले की ते भरले जातात, यात शंका नाही. पण भरण्यात विचार आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. कारणाच्या चौकोनात अचानक ‘श्वसनमार्गाचा संसर्ग’ वाढला तर त्यातली पाच केस पेपर उघडा आणि खोकला, ऑक्सिजनची पातळी, एक्स-रे यातलं काही कुठे नोंदलंय का ते बघा. थांबवण्याच्या तारखेत सगळीकडे बरोबर पाचवा दिवस येऊ लागला तर तारीख उलटून गेल्यावरही औषध चालू असलेले कोर्स मोजा. लिहिलेली तारीख गप्प उलटून जाते आणि दुसऱ्या दिवशीचा डोस दिला जातो, ही त्या चौकोनाची ठरलेली पळवाट आहे. त्यासाठी आठवड्याच्या यादीत एक जादा रकाना ठेवा: ‘तारीख उलटली, नवी नोंद नाही, औषध चालू.’

कल्चरच्या बाजूनं ‘रिपोर्ट पाहिला, तेच चालू’ या नोंदी फार वाढल्या तर त्यातल्या किती ठिकाणी कमी आवाक्याचं औषध चाललं असतं हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांकडून वेगळं तपासून घ्या. हा निवडीचा प्रश्न आहे, म्हणून तो मुख्य तक्त्यात नाही, पण चार-सहा महिन्यांतून एकदा विचारायला हरकत नाही.

कालावधी कमी होऊ लागला की दुसरी बाजूही मोजायला लागा: औषध थांबवल्यावर सात दिवसांत त्याच संसर्गासाठी पुन्हा सुरू करावं लागलं का, आणि तीस दिवसांत त्याच कारणानं रुग्ण परत दाखल झाला का. हे आकडे छोटे असतील, म्हणून टक्केवारी काढत बसू नका. प्रत्येक रुग्णाची फाइल वाचा आणि माप लावताना एखादा गळू किंवा अडथळा सुटला होता का ते पाहा. तसं सापडलं तर कालावधीच्या यादीतली ती ओळ दुरुस्त करा, वरिष्ठांची नवी सही घ्या आणि तक्त्यावर कुठल्या तारखेपासून माप बदललं ते लिहा, म्हणजे पुढचे ठिपके जुन्या मापानं वाचले जाणार नाहीत.